चिनी दुकानाची सणाच्या सवलतीची पोस्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात चिनी भाषा शिकवते. दरवर्षी पावसाळा सरत आला की वर्गात एक गृहपाठ ठरलेला असतो: छोट्या दुकानाची मध्य-शरद सणाची सवलत सांगणारी पोस्ट वीचॅट या चिनी ॲपसाठी लिहा, सहा-सात ओळींत. काम किरकोळ वाटतं, पण व्याकरणात पैकीच्या पैकी मिळवणारी मुलंही इथे अडखळतात. दरवर्षी तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. दुकान काल्पनिक आहे, पण डोळ्यांसमोर सूचौ शहरातली गल्ली आहे. तिथे या दिवसांत तव्यावर खरपूस होणाऱ्या, डुकराच्या खिम्याचं सारण भरलेल्या मूनकेकचा, म्हणजे या सणाच्या गोल केकचा, वास कोपऱ्यापर्यंत येतो आणि लोक ते गरम असतानाच कागदी पिशवीतून खात घरी जातात.

आधी नमुना दाखवा ना. नक्की कशाबद्दल बोलतोय आपण?

हा घ्या. मूनकेकचं छोटं दुकान, मालकीणबाई स्वतः गल्ल्यावर बसतात, सण २५ सप्टेंबर २०२६ला.

```
🌕 中秋到，鲜肉月饼出炉啦！
9月19日—25日（含25日），全店月饼八八折，以9月18日标价计。
折后满100元再减10元，每单限减一次。
豆沙月饼买5个送1个同款，每天限送60个。
茶叶、礼盒不参加，不与会员价同享。
📍巷口老地方，早7点—晚7点。月圆人团圆，等你来！
```

मराठीत याचा भाव असा: मध्य-शरद आला, खिम्याचे मूनकेक भट्टीतून निघाले! १९ ते २५ सप्टेंबर, २५ तारीख धरून, दुकानातल्या सगळ्या मूनकेकवर ८८ टक्के दर, १८ सप्टेंबरच्या किमतीवर. सवलत वजा जाता बिल १०० युआन झालं तर आणखी १० युआन कमी, एका बिलावर एकदाच. लाल कडधान्याच्या गोड सारणाचे पाच घ्या, तसाच सहावा फुकट, रोज साठच. चहा आणि भेटपेट्या यात नाहीत, सभासद-दरासोबत ही सवलत मिळणार नाही. गल्लीच्या तोंडाशी, नेहमीचीच जागा, सकाळी सात ते संध्याकाळी सात. चंद्र पुरा, माणसं एकत्र, वाट पाहतोय!

सगळी गंमत पहिल्या आणि शेवटच्या ओळीत आहे, हे पाहिलंत का? मधल्या चार ओळी किराणा मालाच्या यादीइतक्या कोरड्या आहेत. हे मुद्दाम केलंय.

八八折 म्हणजे ८८ टक्के सूट?

नाही. म्हणजे १२ टक्के सूट. या एका अक्षरावर दरवर्षी निम्मा वर्ग घसरतो.

折 (उच्चार ‘ज’ आणि ‘च’ यांच्या मधला, जीभ मागे वळवून) म्हणजे मूळ अर्थाने मोडणे, घडी घालणे. मराठीत आपण किती कापलं ते सांगतो: वीस टक्के सूट. चिनी दुकानदार किती उरलं ते सांगतो: 八折, म्हणजे दहातले आठ भाग द्या. तेव्हा 九折 ही किरकोळ सवलत आणि 二折 म्हणजे माल जवळजवळ उधळून टाकणं. निम्म्या किमतीला 五折 किंवा 对折. दोन आकडे आले तर दुसरा दशांशाचा: 七五折 म्हणजे ७५ टक्के किंमत. कुणी 8.8折 लिहितं, कुणी 88折, अर्थ एकच.

आता ८८च का, सरळ ९० किंवा ८५ का नाही? कारण आठ, ‘पा’, हा आकडा कानाला 发 च्या जवळचा, आणि 发 म्हणजे भरभराट होणं. दोन टक्के जास्त सोडले आणि सवलतीच्या दरातच शुभचिंतन बसलं. चार हा आकडा याउलट ‘मरण’ या शब्दाशी जुळतो, म्हणून सणाच्या पोस्टमध्ये ४४ किंवा ४.४ युआन असलं काही टाकू नका.

हिशोबाचा क्रम इतका महत्त्वाचा का? शेवटी दहा युआनचा तर प्रश्न आहे.

त्या दहा युआनवरूनच गल्ल्यावर भांडण होतं, म्हणून. एक खिम्याचा मूनकेक पाच युआनला आहे असं धरू. बावीस घेतले तर मूळ किंमत ११०, ८८ टक्क्यांनी ९६ युआन ८० पैसे (चिनी भाषेत 角 आणि 分, पण सोयीसाठी पैसे म्हणू). आता १०० युआनची पायरी गाठली का? मूळ किमतीवर मोजली तर गाठली, आणि गिऱ्हाईक ८६.८० देऊन निघतो. सवलतीनंतर मोजली तर नाही गाठली, त्याला ९६.८० द्यावे लागतात. एकाच पोस्टचे दोन अर्थ, आणि दोन्हीही प्रामाणिक. म्हणून 折后, ‘सवलतीनंतर’, ही दोन अक्षरं टाळायची नाहीत.

याच आकड्यांत एक मजेशीर गोष्ट दडली आहे. तेवीस मूनकेक घ्या: ११५ चे ८८ टक्के १०१.२०, पायरी गाठली, दहा वजा, द्यायचे ९१.२०. म्हणजे तेवीस घेणं बाविसांपेक्षा स्वस्त! चिनी गिऱ्हाइकाला हे बोटावर मोजता येतं. त्यालाच 凑单 म्हणतात: पायरी गाठायला काहीतरी अजून टाकून बिल भरणं. दुकानदारालाही ते हवंच असतं. फक्त त्याने आधी स्वतः कागदावर मांडून पाहावं, नाहीतर आपल्याच पोस्टने तेवीसवा मूनकेक आपण फुकट वाटतोय हे सणाच्या रात्री कळायचं.

每单限减一次 हेही तितकंच गरजेचं. हे नसेल आणि चुकून 每满 लिहिलं, ‘दर शंभराला’, तर तीनशेच्या बिलावर तीस गेले. 满 एकटं असेल तर साधारणपणे एकदाच, पण साधारणपणे या शब्दावर दुकान चालत नाही.

满100 मध्ये बरोब्बर १०० धरायचे का?

हो. 满 म्हणजे भरलं, पूर्ण झालं. शंभर पुरे झाले की लागू. 超过100 लिहिलं तर मात्र शंभर बाहेर, शंभर युआन एक पैसा लागेल. २०२१ पासून लागू असलेल्या चीनच्या दिवाणी संहितेत १२५९व्या कलमात हे भेद चक्क लिहून ठेवले आहेत: 以上, 以下, 以内 मध्ये तो आकडा धरायचा, 不满, 超过, 以外 मध्ये धरायचा नाही. ते कलम दिवाणी कायद्यातल्या शब्दांसाठी आहे, पण गल्लीतल्या पाटीलाही उपयोगी पडतं.

तारखेत （含25日） हे कंसातलं लोढणं कशाला?

माझ्यामुळे. शिकत असताना सूचौमध्ये एका दुकानाच्या पोस्टवर 25日前 वाचलं आणि पंचवीस तारखेच्याच संध्याकाळी रांगेत उभी राहिले. अर्ध्या तासाने गल्ल्यापाशी पोचले तर बाई म्हणाल्या, ‘前 म्हणजे पंचविसाच्या आधी, सवलत काल संपली.’ माझ्या मागच्या आजोबांचं म्हणणं की पंचवीस तारीख धरूनच. त्यांचं ऐकून रांगेतले आणखी दोघं बोलायला लागले. शेवटी बाईंनी आम्हाला सगळ्यांना सवलत दिली, पण तोंड आंबट करून. आजोबा जाताना म्हणाले, ‘पोस्ट लिहायला दोन अक्षरं कमी पडली तुम्हाला.’

ती कमी पडलेली अक्षरं म्हणजे 含, ‘धरून’, आणि सोबत दुकान बंद व्हायची वेळ. 9月19日—25日 असं दोन टोकांचं लिहिलं तरी बहुतेक लोक शेवटचा दिवस धरतात, पण कंस टाकल्याने वाद उरत नाही. दुकान सातला बंद होत असेल तर 晚7点 आहेच. 24:00 लिहू नका, मध्यरात्री शटर कोण उघडणार?

जाता जाता: मध्य-शरद सण चांद्र पंचांगातल्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला येतो. २०२५ साली तो आणि आपली कोजागिरी दोन्ही ६ ऑक्टोबरला आले होते. दरवर्षी असं होत नाही, अधिक महिना कधी येतो यावर ते अवलंबून. तेव्हा पोस्ट लिहिताना नुसतं ‘पौर्णिमेपर्यंत’ असं काव्य करण्यापेक्षा इंग्रजी तारीख द्यावी. चिनी दुकानदारही तेच करतात.

以9月18日标价计 ही ओळ रुक्ष वाटते. काढू का?

काढू नका. चीनमध्ये १ डिसेंबर २०२० पासून विक्री-प्रोत्साहनाबद्दलचे नियम लागू आहेत. त्यात म्हटलंय की किंमत कमी केली असं सांगायचं तर कशाच्या तुलनेत, ते सांगा. सांगितलं नाही तर त्याच दुकानात आधीच्या सात दिवसांत झालेली सगळ्यात कमी विक्री-किंमत आधार धरली जाईल.

हे का आलं ते कुठल्याही बाजारात फिरलेल्याला समजेल. दुकानाने सतराला पाचचा मूनकेक सहा केला आणि एकोणिसाला त्यावर ८८ टक्के लावले, तर गिऱ्हाईक ५.२८ देतो. सवलतीत आधीपेक्षा महाग! सात दिवसांच्या नियमाने आधार पाचच राहतो आणि किंमत ४.४० व्हायला हवी. तेव्हा आपल्या नमुन्यातली अठरा तारीखही तेव्हाच चालेल जेव्हा अठराची पाटी नेहमीचीच असेल.

‘पाचावर एक फुकट’ यात काय लपलंय?

बरंच काही. साधं 买一送一, ‘एकावर एक फुकट’, हे चिनी रस्त्यावरचं सगळ्यात आवडतं वाक्य आहे आणि सगळ्यात फसवंही, कारण दुसरा ‘एक’ काय ते सांगितलेलं नसतं. जॅकेटवर एक मोजा फुकट मिळालेल्या माणसांचे किस्से तिथे घरोघरी आहेत. जाहिरात कायद्याच्या आठव्या कलमानुसार फुकट वस्तूचा प्रकार, आकारमान, संख्या, मुदत आणि मिळण्याची रीत स्पष्ट सांगायला हवी. आपल्या ओळीत 同款, ‘तसाच’, या दोन अक्षरांनी प्रकार आणि आकार दोन्ही निपटले. 每天限送60个 ने संख्या सांगितली. मुदत वर दुसऱ्या ओळीत आहे.

एक प्रश्न तरीही उरतो आणि वर्गात एखादाच तो विचारतो: पाच घेताना ८८ टक्के दरही लागणार का? नमुन्यात 全店月饼 म्हणजे ‘दुकानातले सगळे मूनकेक’ असं आहे, म्हणून लागणार. गोड सारणाचा एक चार युआनला असेल, तर पाचांचे वीस, ८८ टक्क्यांनी १७.६०, आणि हातात सहा. म्हणजे मूळ चोवीसचा माल १७.६० ला, सूट जवळपास २७ टक्के. मालकिणीला ते परवडत नसेल तर 豆沙月饼不打折 असं वेगळं लिहावं. पोस्ट टाकायच्या आधी लिहावं, नंतर खाली टिप्पणीत नव्हे.

आणि फुकटचा मूनकेक शिळा देऊन चालत नाही. फुकट दिलं म्हणून दर्जाची जबाबदारी सुटत नाही, तेही त्याच २०२०च्या नियमांत आहे.

शेवटी 最终解释权归本店所有 लिहायचं ना? सगळेच लिहितात.

लिहितात खरं. अर्थ: ‘या योजनेचा अंतिम अर्थ लावण्याचा अधिकार दुकानाकडे राखून.’ आपल्याकडच्या ‘फॅशनच्या जमान्यात गॅरंटीची इच्छा करू नये’ या पाटीचाच चुलतभाऊ. पण चीनमध्ये ग्राहकहिताबद्दलच्या नियमांनी, जे १५ मार्च २०१५ पासून लागू झाले, दुकानदाराने असा एकतर्फी अधिकार स्वतःकडे ठेवणं मना केलं आहे. जुन्या पाठ्यपुस्तकांत आणि छापील पत्रकांत हे वाक्य अजून सापडतं, त्यामुळे मुलं ते सभ्य शेवट समजून चिकटवतात. मी त्यावर लाल रेघ मारते. अटी नीट लिहिल्या असतील तर त्या वाक्याची गरज नसते, आणि नसतील तर ते वाचवत नाही.

‘सूचौमधले सगळ्यात चविष्ट’ असं म्हणता येईल?

नको. चीनच्या जाहिरात कायद्याच्या नवव्या कलमात ‘सर्वोत्कृष्ट’, ‘सर्वोच्च’, ‘राष्ट्रीय दर्जाचे’ असल्या शब्दांना बंदी आहे, आणि दुकानदाराने आपल्या मालासाठी टाकलेली पोस्टही जाहिरातच धरली जाते. दंड थोडाथोडका नाही. हांगचौमधल्या भाजक्या चेस्टनटच्या एका दुकानाला ‘हांगचौमधले सगळ्यात चविष्ट चेस्टनट’ या धर्तीच्या शब्दांसाठी २०१६ साली दोन लाख युआन दंड झाला. दुकानदार कोर्टात गेला आणि २०१८ साली तो एक लाखावर आला. चेस्टनट विकणाऱ्याला एक लाख युआन म्हणजे किती पिशव्या, तुम्हीच मोजा.

कुठलंही 最 वाईट असं मात्र नाही. 最后两天, ‘शेवटचे दोन दिवस’, यात 最 आहे पण ते क्रम सांगतं, मालाची बढाई मारत नाही. ते खरं असेल तर खुशाल लिहा. बढाईच्या जागी दृश्य ठेवा: 刚出炉，还烫手, ‘आत्ताच भट्टीतून निघाले, हाताला चटका बसतो’. हे ‘सगळ्यात चविष्ट’पेक्षा जास्त भूक लावतं आणि दंडही होत नाही.

मग चटपटीतपणा आणायचा कुठून? माझी पोस्ट सरकारी नोटिशीसारखी वाचते.

पहिली ओळ म्हणजे गल्लीतून मारलेली हाक. तिच्या शेवटी 啦 आहे ना, ते अक्षर काढून पाहा. 鲜肉月饼出炉 ही बातमी झाली, 出炉啦 ही हाक. मराठीत ‘आले’ आणि ‘आले हो!’ यांत जो फरक, तोच.

दुसरं साधन शब्दखेळाचं. मूनकेकमधल्या ‘चंद्रा’चा उच्चार 月 आणि ‘अधिकाधिक’मधला 越 सारखाच, म्हणून 月来越好 असं लिहिलं की ‘सगळं उत्तरोत्तर चांगलं होवो’ या शुभेच्छेत चंद्र येऊन बसतो. एका पोस्टला एकच शब्दखेळ पुरे. तीन घातले की वाचणाऱ्याला कोडं सोडवायला बसवल्यासारखं होतं. आणि शब्दखेळ कधीही आकड्याच्या ओळीत नको. दर वाचताना माणूस हसला तर चालेल, अडखळला तर नाही.

तिसरं, हाक कोणाला मारताय ते ठरवा. 亲 ही ऑनलाइन दुकानांची लाडिक हाक, 家人们 (‘घरच्यांनो’) थेट प्रक्षेपणात माल विकणाऱ्यांची. गल्लीतल्या मूनकेकवालीच्या तोंडी दोन्ही मला उपरे वाटतात. तिचे गिऱ्हाईक शेजारचे आजी-आजोबा आहेत. 等你来 मध्ये 你 आहे, आदरार्थी 您 नाही, कारण रोज भेटणाऱ्या माणसाला दुकानदार एकदम ‘आपण’ म्हणायला लागला तर त्यालाच वाटेल, काही बिनसलं की काय. 巷口老地方, ‘गल्लीच्या तोंडाशी, नेहमीचीच जागा’, ही चार-पाच अक्षरं सगळी जवळीक सांगून जातात.

सणाप्रमाणे शुभेच्छा बदलतात तेही लक्षात घ्या. मध्य-शरदला 快乐, ‘आनंदी’, बिनधास्त. ड्रॅगन बोटीच्या सणाला काही लोक 安康, ‘स्वस्थ राहा’, असंच म्हणावं असा आग्रह धरतात, काहींना तो आग्रह अनाठायी वाटतो. शंका असेल तर 安康 लिहून मोकळे व्हा. छिंगमिंगला लोक पूर्वजांच्या कबरींवर जातात. त्या दिवशी ‘आनंदी’ लिहून सवलत दिलीत तर पितृपक्षाच्या शुभेच्छा दिल्यासारखं होईल.

सहाच ओळी का? अजून दोन अटी राहिल्यात.

वीचॅटच्या मित्र-पानावर मजकूर लांबला की तो दुमडला जातो आणि खाली 全文, ‘पूर्ण मजकूर’, एवढंच दिसतं. घाईत कोण दाबतंय? ज्या अटी दिसल्या नाहीत, त्यांबद्दल गिऱ्हाईक ‘मला कुणी सांगितलं नाही’ म्हणणार, आणि ते खरंच असणार. उरलेल्या अटी फोटोत ठेवा: दुकानातल्या पाटीचाच सरळ काढलेला फोटो. पोस्ट आणि पाटी शब्दशः जुळली पाहिजे. श्याओहोंगशू या चिनी समाजमाध्यमावर टाकणार असाल तर शीर्षकाला वीस अक्षरांची मर्यादा आहे. तिथे तारीख आणि 八八折 शीर्षकातच बसवा.

पोस्ट शेअर केली किंवा तिला अमुक इतके लाइक जमवले की सवलत, अशी अट घालू नका. आमिष दाखवून शेअर करायला लावणं वीचॅटच्या नियमांत बसत नाही, आणि शेजारच्या आजींना तीस लाइक गोळा करायला लावणं मला तरी बरं दिसत नाही.

सणाच्या दिवशी दुपारीच माल संपला तर?

तर लगेच दुसरी पोस्ट, अर्धी ओळ पुरे:

```
今日鲜肉月饼已售完，豆沙的还有，晚7点前都在！
```

‘आजचे खिम्याचे संपले, गोड सारणाचे आहेत, संध्याकाळी सातपर्यंत आहोत.’ यात 前 पुन्हा आलं, पण घड्याळाच्या आकड्यासोबत त्याचा घोळ होत नाही. मूळ पोस्ट मात्र पुसू नका. बदललेली पोस्ट पाहून ‘काल वेगळं लिहिलं होतं’ म्हणणारा एक तरी गिऱ्हाईक येतोच, आणि त्याच्याकडे स्क्रीनशॉट असतो.